एका जात्यावरच्या ओवीचे इंग्रजी भाषांतर : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातल्या एका वृद्ध गायिकेच्या ओव्या तिच्या हयातीत घरीच ध्वनिमुद्रित केल्या गेल्या होत्या. त्यांतली एक ओवी एका लहान संग्रहालयाच्या दालनात प्रत्यक्ष जात्याशेजारी ऐकवायची आणि तिचे इंग्रजी भाषांतर फलकावर द्यायचे, असे ठरले. मराठी न समजणारा माणूस जात्यासमोर उभा राहून आवाज ऐकणार आणि त्याच वेळी फलक वाचणार होता. त्यामुळे भाषांतर अर्थाला धरून असणे पुरेसे नव्हते. कानावर पडणाऱ्या लयीशी आणि डोळ्यांसमोरच्या दगडाशी ते विसंगत वाटता कामा नये, अशी अट पहिल्या दिवसापासूनच होती. भाषांतरकार तरुण होती, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत सारखीच सराईत, मात्र तिने स्वतः कधी दळले नव्हते. मी संपादक म्हणून या कामात होतो. गायिकेची मुलगी, जिला आम्ही सगळे मावशी म्हणत असू, सल्ल्यासाठी उपलब्ध होती. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत तिने आईसमोर बसून जोडीने जाते ओढले होते.

ओवी अशी आहे :

जड जातं ओढीते, घाम गळे भुईवरी
बयाचं दूध माझ्या, मनगटी जोर करी

‘बया’ म्हणजे आई. ओव्यांच्या बोलीत हा शब्द इतका रुळलेला आहे की तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक ओळीचे दोन भाग पडतात, पहिल्यात सात अक्षरे आणि दुसऱ्यात आठ, आणि ‘भुईवरी–करी’ असे यमक जुळते. जात्यावरच्या ओव्यांत अक्षरसंख्येचा असा काटेकोरपणा नेहमी आढळत नाही. गळा अक्षरे ताणतो, आखडतो, ‘गं’ आणि ‘बाई’ यांची भर घालतो, आणि त्यावरच लय सांभाळली जाते. या ओवीची अक्षरे कागदावर इतकी नेटकी बसली, हेच पुढच्या घोटाळ्याचे एक कारण ठरले.

ओवी आणि श्रम यांचा संबंध फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या 1129 मधील संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात असा उल्लेख येतो, आणि तो कांडणाच्या संदर्भात येतो. कांडप आणि दळण ही दोन्ही कामे बायकांची, परंतु त्यांचा ठेका वेगळा. मुसळ वर जाते आणि आदळते, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक ठळक ठोका मिळतो. जाते मात्र थांबत नाही. त्याला ठोका नाही, घरघर आहे, आणि त्या सलग घरघरीत कुठे जोर लागतो हे बाहेरून बघणाऱ्याला सहज कळत नाही.

अडचण

भाषांतरकाराने सुरुवातीला साधा गद्य अर्थ लिहिला. तो इंग्रजीत असा वाचला जाई : ‘आय पुल द हेवी ग्राइंडस्टोन अँड माय स्वेट ड्रिप्स ऑन द ग्राउंड; माय मदर्स मिल्क गिव्ज स्ट्रेंग्थ टू माय रिस्ट.’ यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. तरीही ध्वनिमुद्रण सुरू करून तो वाचला की वाचणारा दुसऱ्याच वेळात जगतो आहे असे वाटे. गायिका अजून पहिल्या अर्ध्या ओळीवर असताना वाचकाचा अर्थ संपलेला असे, आणि उरलेला वेळ तो दगडाकडे पाहत नुसता उभा राही.

दुसरी अडचण दुधाची होती. मराठी वाचकाला ‘आईचं दूध प्यायला असशील तर ये पुढे’ हे आव्हान ठाऊक असते, त्यामुळे आईचे दूध म्हटले की त्याला अंगातली ताकद आठवते. इंग्रजीत आईच्या दुधातून माणसाला मिळतात त्या सवयी, समजुती किंवा माया. तेथे हा शब्दप्रयोग मऊ आहे. ओवीतले दूध मऊ नाही. ते मनगटात उतरून जोर करते आहे, आणि ‘जोर करी’ या क्रियापदाचा कर्ता तेच आहे. गद्य भाषांतरात दूध ताकद ‘देते’ आणि बाजूला होते. मूळ ओवीत देण्याघेण्याचा प्रश्नच येत नाही, दूध स्वतःच जाते ओढायला लागलेले असते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय गद्य अर्थ तसाच ठेवून लयीचे काम ध्वनिमुद्रणावर सोपवण्याचा होता. जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत. एवढ्या ओव्यांचा अर्थ जेथे वाचकापर्यंत पोचवायचा असतो, तेथे साधी, स्वच्छ, यमकाविना केलेली भाषांतरे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. आमच्यापुढे मात्र एकच ओवी होती, आणि ती एका जागी उभे राहून ऐकायची होती.

दुसरा पर्याय इंग्रजी लोकगीताच्या परिचित चालीचा. भाषांतरकाराने चार आघातांच्या यमकबद्ध ओळी लिहिल्या : ‘राउंड अँड राउंड द मिलस्टोन गोज, डाउन माय ब्राउ द वॉटर फ्लोज.’ कानाला त्या गोड लागत आणि पहिल्या बैठकीत बहुतेकांना आवडल्याही. माझा आक्षेप व्याकरणाचा होता. मुळात ‘ओढीते’ आहे, म्हणजे ओढणारी बाई वाक्याची कर्ती आहे. या ओळीत दगड आपणहून फिरू लागला आणि बाई नाहीशी झाली. श्रमाचे गीत भाषांतरित करताना हा घात सर्वांत लवकर होतो, कारण हलकी चाल साधायची तर जड क्रियापदे आधी गळतात. शिवाय ‘राउंड अँड राउंड’ म्हटले की इंग्रजी वाचकाच्या मनात बालगीत उभे राहते, आणि घामाची ओळ त्याला गमतीदार वाटू लागते.

तिसरा पर्याय इंग्रजीतल्याच श्रमगीतांचा आधार घेण्याचा होता, विशेषतः जहाजावरच्या खलाश्यांच्या गाण्यांचा. शिडे वर खेचताना गायच्या गाण्यांत एक म्हणणारा ओळ सांगतो, बाकीचे धृपद म्हणतात आणि धृपदातल्या ठरावीक शब्दावर सगळे मिळून दोर ओढतात. नांगर वर घेण्याचे चाक गोल फिरवताना गायची गाणी याहून वेगळी असतात. तेथे चालणे सलग असल्यामुळे गाण्याची लयही सलग राहते. जाते या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचे आहे, आणि ही तुलना आम्हांला उपयोगी पडली, कारण तिने ‘हिसका’ आणि ‘फेरा’ यांतला भेद स्पष्ट केला. मात्र धृपद घेणे योग्य नव्हते. जात्यावर एक किंवा फार तर दोघी बसतात, आणि या ध्वनिमुद्रणात तर गायिका एकटी आहे. तिला उत्तर देणारा समूह इंग्रजीत निर्माण करणे म्हणजे तिचा एकटेपणा काढून घेण्यासारखे झाले असते.

एक विराम आणि त्याचा अर्थ

याच टप्प्यावर या प्रकरणातला निर्णायक प्रसंग घडला. ध्वनिमुद्रणात दुसऱ्या ओळीत ‘बयाचं दूध’ नंतर गायिका थांबते. हा थांबा स्पष्ट ऐकू येतो आणि ओळीच्या मध्यावर नेहमी येणाऱ्या लहान विरामापेक्षा, म्हणजे यतीपेक्षा, बराच लांब आहे. लिप्यंतर करणाऱ्याने तेथे टिंबे दिली होती. भाषांतरकाराने ती पाहून असा अर्थ लावला की आईचा उल्लेख आल्यावर गायिकेचा गळा दाटून आला आहे, आणि त्यानुसार इंग्रजी ओळ ‘मदर’ या शब्दापाशी तोडली. मसुद्यातली सगळ्यांत हृदयस्पर्शी जागा तीच होती, आणि फलकाच्या मांडणीतही तो शब्द एकटा एका ओळीवर ठेवण्याचे ठरत आले होते.

मावशींना ध्वनिमुद्रण ऐकवले तेव्हा त्या जागी त्या सहज म्हणाल्या, “अगं, तिथं आईनं घास टाकलाय.”

दळताना उजवा हात खुंटा फिरवतो आणि डावा हात सुपातले मूठभर धान्य जात्याच्या तोंडात टाकतो. त्यालाच घास किंवा वैरण म्हणतात. घास टाकताना क्षणभर लक्ष आणि हात दोन्ही वळतात, आणि गळा थांबतो. पुरावाही ध्वनिमुद्रणातच होता. थांब्याच्या आधी जात्याचा आवाज कोरडा आणि खरखरीत होत गेला आहे, म्हणजे दगडांमधले धान्य संपत आले आहे. थांब्यानंतर तोच आवाज भरीव आणि मऊ होतो. हीच ओवी गायिकेने पुन्हा गायली आहे, आणि तेथे तोच थांबा ‘घाम गळे’ नंतर येतो. भावना दाटून येण्याची जागा गायनागणिक बदलेल, हे पटण्यासारखे नाही. जात्याचे तोंड केव्हा रिकामे होते यावर मात्र ती नक्कीच बदलते.

यातून आम्ही ठरवले ते असे. लांब थांबा हा ओवीच्या रचनेचा भाग नाही, तो त्या दिवसाच्या दळणाचा भाग आहे, म्हणून तो इंग्रजी ओळीत येणार नाही. ओळीच्या मध्यावरचा लहान यती मात्र दोन्ही गायनांत एकाच जागी आहे, तो रचनेचा आहे आणि तो ठेवलाच पाहिजे. भाषांतरकाराला ‘मदर’ची ती एकटी ओळ सोडणे जड गेले, आणि मला ते समजत होते. मसुद्यात तेवढीच जागा चटकन टाळी घेणारी होती.

केलेली कृती

पुढचा मसुदा टेबलावर बसून लिहायचा नाही, असे ठरले. मावशींच्या घरचे जुने जाते बाहेर काढले, पण ते लगेच फिरवू दिले नाही. रिकामे जाते फिरवू नये, दगडावर दगड घासून दोन्हींची झीज होते आणि कच पिठात येते, असे त्यांनी सांगितले. रिकामे जाते हलके आणि भरभर फिरते, त्यामुळे त्यावर लय मोजली असती तर ती खोटी निघाली असती, हे आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे होते. नाचणीचा घास पडल्यावर फेरा मंदावला आणि ध्वनिमुद्रणातल्या गतीच्या जवळ आला.

मावशींनी ओवी गात काही काळ दळले आणि आम्ही हाताकडे पाहत राहिलो. खुंटा अंगाकडे येताना खांदा आणि पाठ मागे जाते, जोर तेथे लागतो. खुंटा दूर जाताना हात लांब होतो आणि स्वर ताणला जातो. ओवीचा प्रत्येक अर्धा भाग दोन ते तीन फेऱ्यांत पसरतो, आणि ‘जड’, ‘जातं’, ‘ओढी’ ही ठळक अक्षरे बहुतेक वेळा खुंटा अंगाकडे येत असताना पडतात. म्हणजे सात आणि आठ ही अक्षरसंख्या इंग्रजीत जपण्यात अर्थ नव्हता. जपायचे होते ते अर्ध्या ओळीतले तीन ओढ. इंग्रजी कविता आघातांवर चालते, म्हणून प्रत्येक अर्ध्या भागात तीन आघात, मध्ये यती आणि शेवटी यमक असा आराखडा ठरला. आघातांच्या मधली हलकी अक्षरे कमीजास्त झाली तरी चालेल, कारण मराठी गळाही तीच मोकळीक घेतो.

मग भाषांतरकाराने स्वतः खुंटा धरून प्रत्येक मसुदा मोठ्याने म्हणून पाहिला. ‘राउंड अँड राउंड’ची ओळ पहिल्याच फेऱ्यांत कोसळली. हलक्या अक्षरांची गर्दी इतकी होती की फेरा अर्ध्यात असताना ओळ संपून जाई, आणि ती लांबवायला गेले की शब्द विचित्र ओढले जात. ज्या ओळींत एकाक्षरी, दीर्घ स्वरांचे शब्द होते त्या टिकल्या, कारण असा शब्द हाताबरोबर ताणता येतो. या कसोटीने शब्दांची निवड बरीचशी आपोआप झाली. ‘पुल’ हा आखूड शब्द पहिल्या ओळीतून गेला आणि त्याच्या जागी जड वस्तू नेटाने ओढत नेणे या अर्थाचे ‘हॉल’ हे क्रियापद आले, ज्याचा स्वर लांब आहे आणि ज्याचा आरंभीचा ‘ह’ ‘हेवी’शी जुळून दोनदा श्वास सोडायला लावतो. ‘ग्राइंडस्टोन’ही गेला. इंग्रजीत तो शब्द बहुधा हत्यारांना धार लावण्याच्या दगडासाठी वापरतात, आणि जाते वाचकाच्या डोळ्यांसमोरच असल्याने नुसता ‘स्टोन’ पुरेसा होता.

शेवटी फलकावर गेलेल्या ओळी अशा :

हेवी स्टोन आय हॉल, स्वेट फॉल्स ऑन द फ्लोअर.
मदर्स मिल्क इन माय रिस्ट, पुलिंग राउंड वन्स मोअर.

दुसऱ्या ओळीत ‘पुलिंग’चा कर्ता दूध आहे. ते मनगटात आहे आणि तेच ओढते आहे, ‘ताकद’ हा शब्द कुठेही नाही. मधल्या एका मसुद्यात ‘दुधासारखे पांढरे पीठ’ अशी प्रतिमा आली होती, आणि ती मोहक होती. दळणाऱ्या बाईपुढे पीठ पडतच असते, दूध पांढरे असते, आणि जोड जमते. परंतु ओवी पिठाचे नावही घेत नाही. ती घामाबद्दल बोलते, आणि जमिनीवर पडणारी एकच गोष्ट तिने निवडली आहे. पीठ आणले असते तर घाम सजावटीपुरता उरला असता, म्हणून ती प्रतिमा काढून टाकली.

‘वन्स मोअर’वरून मात्र खरा वाद झाला. हे शब्द मुळात नाहीत. गायिका ओळीचे भाग पुन्हा पुन्हा गाते आणि तो पुनरुच्चार फलकावर छापला जाणार नाही, तेव्हा त्याची खूण म्हणून हे शब्द समर्थनीय आहेत, अशी भाषांतरकाराची बाजू होती. माझे मत असे होते की यमक जुळवण्याची गरज आधी आली आणि समर्थन मागून. तरीही मी ते राहू दिले, कारण पर्यायी ओळींत यमक सोडले की दोन ओळी एकमेकींपासून सुटत होत्या आणि ओवी दोन वेगवेगळी विधाने वाटू लागत होती.

परिणाम

फलक लागल्यावर आम्ही दालनात येणाऱ्यांकडे लक्ष ठेवले. ध्वनिमुद्रणाबरोबर ओळी वाचणारे पुष्कळजण यतीपाशी थांबत, आणि काहींचे ओठ गायनाच्या गतीने हलत. गद्य मसुद्याच्या चाचणीत असे दिसले नव्हते. घास टाकण्याच्या लांब थांब्यापाशी मात्र काहीजण यंत्र बंद पडले असे समजून निघून जात. त्यासाठी ओळींखाली एक वाक्य नंतर जोडावे लागले : येथे गायिका जात्यात धान्य टाकते, दगडाचा आवाज बदलतो तो ऐका. ते वाक्य लागल्यावर लोक जात्याच्या तोंडाकडे वाकून पाहू लागले.

‘गं’ मात्र हरवला. प्रत्यक्ष गायनात तो अनेकदा येतो आणि जवळ बसलेल्या दुसऱ्या बाईला उद्देशून असल्यासारखा वाटतो. त्याला इंग्रजीत जागा सापडली नाही. ‘सिस्टर’ घालून पाहिले, तर ओवीला भजनी मंडळाचा वास येऊ लागला.

वेगळे काय करता आले असते

मावशींचा सल्ला लिप्यंतर झाल्यावर घेतला गेला. तो आधी घ्यायला हवा होता. लिप्यंतरातली टिंबे एकदा कागदावर उतरली की पुढच्या प्रत्येकाला ती मूळ रचनेचा भाग वाटतात, आणि आमच्या बाबतीत ती जवळजवळ फलकापर्यंत पोचली होती. जात्यावरच्या गायनाचे लिप्यंतर करताना दगडाचा आवाज, घास आणि यती यांच्यासाठी वेगवेगळ्या खुणा ठरवून घेतल्या असत्या तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. तसेच ध्वनिमुद्रण केवळ आवाजाचे होते. हाताचे चित्रण असते तर कोणत्या अक्षरावर ओढ पडते हे मावशींना पुन्हा जात्यावर बसवल्याविना कळले असते, आणि त्यांच्या वयात तेवढे दळायला लावणे योग्य होते का, हा प्रश्न माझ्या मनात आजही आहे.

दुसरी गोष्ट निवडीची. दळणाच्या एका बैठकीत गायिका जात्यापासून आईकडे, आईपासून भावाकडे आणि भावापासून त्याच्या वाटेकडे सरकते. एकच ओवी उचलल्यामुळे आईचे दूध हा शेवट वाटतो, प्रत्यक्षात तो मधला टप्पा आहे. दालनात आणखी दोन ओव्या ऐकवण्याचा प्रस्ताव आता आहे. त्यांतली भावाची ओवी भाषांतरकाराने खुंटा धरून म्हणून पाहिली तेव्हा तीन-तीन आघातांत ती बसली नाही. तिची पहिली अर्धी ओळ लांब आहे आणि गायिका तेथे फेराच संथ करते. त्या ओवीसाठी चार आणि तीन आघातांचा वेगळा आराखडा सध्या तपासला जात आहे.